वीस टक्के चढवले की वीस टक्के सुटत नाहीत : नव्या दुकानदारासाठी मार्कअप आणि मार्जिनचा हिशेब

माझ्या भाच्याने पुण्याच्या उपनगरात मसाले आणि सुक्या मेव्याचं छोटं दुकान टाकलं. शेंगदाणे, खोबरं, डाळं, मिरची, खडा मसाला, कांदा-लसूण मसाला, आणि जोडीला फरसाणाची चार पाकिटं. सहा महिन्यांनी एका रविवारी तो वही घेऊन माझ्याकडे आला. "मामा, गेल्या महिन्यात दोन लाख चाळीस हजारांची विक्री झाली. मी सगळा माल वीस टक्क्यांनी विकतो. म्हणजे अठ्ठेचाळीस हजार सुटले. खर्च चव्वेचाळीस. चार हजार हातात राहायला हवेत की नाही? मग मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याचं बिल भागवायला पैसे का नाहीत?"

त्याच्या वहीत बेरजेची एकही चूक नव्हती. चूक 'वीस टक्के' या दोन शब्दांत होती, आणि ती नव्या दुकानदारांपैकी बहुतेकांची होते. याच दुकानाचे आकडे धरून ती उलगडू.

टक्के कशावर मोजले?

शंभर रुपयांचा माल घेतला, वीस रुपये चढवले, एकशेवीसला विकला. वीस रुपये सुटले. हे वीस रुपये खरेदीच्या शंभरावर मोजले तर वीस टक्के होतात. याला मार्कअप म्हणायचं. तेच वीस रुपये विक्रीच्या एकशेवीसवर मोजले तर सोळा टक्के आणि वर थोडे, म्हणजे १६.६७ टक्के. याला मार्जिन म्हणायचं. रुपये तेच आहेत, फक्त खालचा आकडा बदलला.

भाच्याने चढवताना टक्के खरेदीवर लावले आणि नफा मोजताना तेच टक्के विक्रीवर लावले. २,४०,००० च्या विक्रीत मालाची बिलं २,००,००० ची होती. वर सुटले ४०,०००. त्याने धरले ४८,०००. आठ हजार रुपये कधी अस्तित्वातच नव्हते. खर्च होता ४४,००० : भाडं १८,०००, कामाला ठेवलेल्या मुलाचा पगार १४,०००, लाइटबिल ४,५००, पिशव्या आणि पॅकिंग ३,५००, किरकोळ ४,०००. म्हणजे चार हजार नफा वाटत होता तिथे कागदावरच चार हजारांचा तोटा होता. प्रत्यक्षात तो याहून मोठा निघाला, त्याकडे पुढे येतो.

या चुकीचं मूळ मला शाळेच्या पुस्तकात दिसतं. नफा-तोट्याच्या धड्यात शेकडा नफा खरेदी किमतीवर काढायला शिकवतात, आणि गणित म्हणून ते बरोबरच आहे. पण दुकानाचं भाडं कोणी खरेदीतून देत नाही. भाडं, पगार, लाइटबिल, ग्राहकाला सोडलेले पाच रुपये, घरपोच माल पोचवणाऱ्या अ‍ॅपचं कमिशन, सगळं गल्ल्यातल्या पैशातून जातं, आणि गल्ल्यात येते ती विक्री. म्हणून 'खर्च भागेल का' हा प्रश्न विचारायचा तर विक्रीवरचेच टक्के, म्हणजे मार्जिन, उपयोगाला येतं. जुने दुकानदार 'रुपयामागे चार आणे सुटले पाहिजेत' असं म्हणायचे तेव्हा ते गल्ल्यात पडलेल्या रुपयाबद्दल बोलायचे. सोळा आण्यांतले चार, म्हणजे पंचवीस टक्के मार्जिन. त्यांना हा शब्द माहीत नव्हता, पण खालचा आकडा कुठला धरायचा हे पक्कं होतं.

मार्कअप निरुपयोगी आहे असं मात्र नाही. भावाची चिठ्ठी लावताना हातात खरेदीचाच आकडा असतो, तेव्हा त्याला कितीने गुणायचं हे मार्कअपच सांगतं. नफा ठरवायचा मार्जिनने, आणि चिठ्ठीपुरतं त्याचं मार्कअपमध्ये रूपांतर करायचं.

पहिली पायरी : माल खरोखर कितीला पडला

टक्के लावायच्या आधी ज्यावर लावायचे तो आकडा खरा हवा. भाचा बिलावरचा भाव धरायचा. शेंगदाण्याचं पन्नास किलोचं पोतं ११२ रुपये किलोने, म्हणजे ५,६०० ला. त्यावर वीस टक्के म्हणजे १३४.४०, म्हणून चिठ्ठी लावली १३५ रुपये किलो.

पण ते पोतं यार्डातून दुकानात चालत आलं नव्हतं. हमाली आणि टेम्पोचा त्याच्या वाट्याचा भाग मिळून ८० रुपये लागले. पोतं झालं ५,६८० चं. आणि पन्नास किलो कधी पन्नास किलो विकले जात नाहीत. खडे, टरफलं, फुटके दाणे, आणि प्रत्येक पाव किलोला काटा थोडा ग्राहकाच्या बाजूला झुकतो तो भाग. आम्ही दोन पोती मोजून पाहिली, किलोभर तूट निघाली. म्हणून विकायला राहिले ४९ किलो.

५,६८० भागिले ४९ म्हणजे ११५.९२. शेंगदाणा ११६ रुपये किलो पडला, ११२ नव्हे.

आता १३५ च्या चिठ्ठीकडे पुन्हा पाहा. किलोमागे सुटतात १९ रुपये. १९ भागिले १३५, म्हणजे १४ टक्के. वीस टक्क्यांनी विकतो म्हणणारा माणूस चौदा टक्क्यांनी विकत होता. वीसातले जवळपास सव्वातीन टक्के मार्कअप-मार्जिनच्या घोळात गेले, उरलेले हमाली आणि तुटीत.

तुटीचा आकडा मालागणिक वेगळा असतो आणि तो दुसऱ्याकडून ऐकून घेऊ नये. मिरची उन्हाळ्यात सुकून हलकी होते, डाळ्याचा भुगा पडतो, गूळ पाझरतो. प्रत्येक मोठ्या मालाचं एक पोतं घ्यायचं, ते फोडल्याची तारीख लिहायची, आणि संपेपर्यंत त्यातून किती वजन विकलं ते टिपायचं. दोन पोत्यांत आपल्या दुकानाचा आकडा कळतो.

जीएसटीचं इथेच पाहून घ्या. भाच्याची वर्षाची उलाढाल तीस लाखांच्या आत आहे. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, म्हणून त्याने ती घेतलेली नाही. अशा दुकानदाराने बिलावर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो त्याच्यासाठी मालाचीच किंमत असतो. कर धरून पडता भाव काढायचा. कंपोझिशन योजनेत असलेल्याचंही तसंच, शिवाय त्याला विक्रीवरचा एक टक्का स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, तो खर्चात मांडावा. नियमित नोंदणी असलेल्याला भरलेला कर वळता करून मिळतो. त्याने खरेदी आणि विक्री दोन्ही कर वगळून धरायच्या. एक कर धरून आणि दुसरी कर वगळून, असं मात्र कधी करायचं नाही. ते का, हे फरसाणाच्या पाकिटात दिसेल.

दुसरी पायरी : मार्जिनवरून भाव काढणं

पडता भाव ११६. विक्रीवर वीस टक्के सुटायला हवेत. मग विक्रीच्या शंभरातले ऐंशी ही मालाची किंमत झाली. ११६ हे ऐंशी टक्के असतील तर शंभर टक्के किती? ११६ भागिले ०.८०, उत्तर १४५. पडताळा घ्या : १४५ मधून ११६ गेले, उरले २९, आणि १४५ चे वीस टक्के २९ च होतात.

सूत्र एवढंच : पडता भाव भागिले (एक वजा मार्जिन). मोबाइलवर शीट ठेवत असाल तर दुसऱ्या ओळीत A स्तंभात पडता भाव आणि B मध्ये हवं ते मार्जिन (20% असं) लिहा. C मध्ये हे टाका :

```
=A2/(1-B2)
```

आणि आधीच लावलेल्या चिठ्ठीचं खरं मार्जिन तपासायचं असेल, तर विक्रीभाव D मध्ये लिहून E मध्ये :

```
=(D2-A2)/D2
```

शीट नको असेल तर हा छोटा तक्ता गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. डावीकडे जे सुटायला हवं ते, उजवीकडे पडत्या भावावर त्यासाठी जे चढवावं लागतं ते.

| हवं असलेलं मार्जिन | चढवायचे टक्के |
|---|---|
| १० | ११.१ |
| १५ | १७.६ |
| २० | २५ |
| २५ | ३३.३ |
| ३० | ४२.९ |
| ४० | ६६.७ |
| ५० | १०० |

दहाच्या आसपास दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. त्यामुळे साखर-तेल विकणाऱ्याला ही चूक फारशी जाणवत नाही. मसाले, कपडे, कटलरी, भेटवस्तू अशा जास्त चढाच्या मालात तीच चूक दुकान खाते. चाळीस टक्के सुटायला हवेत म्हणून चाळीसच चढवले, तर प्रत्यक्षात साडेअठ्ठावीस सुटतात.

कॅल्क्युलेटरची एक गंमत सांगतो. काउंटरवरचा तुमचा कॅल्क्युलेटर घ्या आणि `100 + 20 %` दाबा. काहींवर १२० येतात, काहींवर १२५. दोन्ही यंत्रं ठीकच आहेत. पहिलं खरेदीवर वीस टक्के चढवतं, दुसरं विक्रीवर वीस टक्के सुटतील असा भाव काढतं. बऱ्याच मोठ्या कॅल्क्युलेटरांवर `MU` अशी कळही असते. `100 ÷ 20 MU` दाबून १२५ आले, तर तुमच्याकडे मार्जिनवरून भाव काढायचं तयार यंत्र आहे, कळीच्या नावात मार्कअप असलं तरी. बाप एका कॅल्क्युलेटरवर आणि मुलगा दुसऱ्यावर भाव काढतो, अन् एकाच मालाच्या दोन चिठ्ठ्या लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

किलोचा भाव ठरला तरी काम संपत नाही, कारण ग्राहक पाव किलोच घेतो. १४५ चा पाव होतो ३६.२५. सुट्टे नाहीत म्हणून ३५ घेतलेत, तर किलो १४० ला गेला आणि मार्जिन सतरावर आलं. म्हणून भाव पावावरूनच ठरवावा. आम्ही पाव ३७ लावला आणि किलो १४५ च ठेवला. किलोने घेणाऱ्याला तीन रुपये वाचल्याचं समाधान, आणि पावाच्या पिशवीचा खर्चही निघतो.

'मार्जिन वीस टक्के आहे, शेठ'

पॅकबंद मालाचा सेल्समन असं म्हणतो तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारायचा : एमआरपीवर की रेटवर?

फरसाणाचं एक पाकीट घेऊ, एमआरपी ५० रुपये. बिलावर रेट ३८.१०, त्यावर ५ टक्के जीएसटी १.९०, मिळून ४०. आता याच पाकिटाबद्दल तीन खरे आकडे सांगता येतात. कर वगळलेल्या रेटवर मोजलं तर ११.९० भागिले ३८.१०, म्हणजे ३१ टक्के. तेच एमआरपीवर मोजलं तर २४ टक्के. आणि कर धरून, ज्या भावात पाकीट खरोखर पडलं त्यावरून एमआरपीवर मोजलं, तर दहा भागिले पन्नास, म्हणजे २० टक्के. सेल्समन ३१ सांगेल. तो खोटं बोलत नाही, पण तुमच्या गल्ल्यातल्या रुपयात वीसच पैसे तुमचे आहेत.

३१ आणि २४ हे दोन्ही आकडे एका बाजूला कर धरून आणि दुसऱ्या बाजूला कर सोडून आले, आणि म्हणूनच ते फुगले. एमआरपीमध्ये सगळे कर आलेले असतात. नियमित नोंदणीवाल्याने एमआरपीतून कर काढला तर त्याची विक्री ४७.६२ राहते, खरेदी ३८.१०, सुटले ९.५२. टक्के पुन्हा वीसच. नोंदणी असो वा नसो, दोन्ही बाजूंना सारखं वागवलं की आकडा सरळ येतो.

पॅकबंद मालाला एमआरपीचं छत असतं, त्याच्या वर विकता येत नाही. त्यामुळे तिथे आपण भाव ठरवतच नाही, फक्त कुठला माल ठेवायचा ते ठरवतो. म्हणून 'दहावर एक फ्री' वगैरे योजनाही पडत्या भावात उतरवून पाहायची : अकरा पाकिटांचे चारशे, म्हणजे पाकीट ३६.३६ ला पडलं आणि मार्जिन सत्तावीसच्या पुढे गेलं. पण अकराही पाकिटं तारखेच्या आत विकली गेली तरच. एक जरी कालबाह्य झालं आणि कंपनीने परत घेतलं नाही, तर आपण पुन्हा वीसवर येतो.

दुकानाला किती मार्जिन लागतं

इथवर वीस हा आकडा मी भाच्याच्या तोंडून घेतला. तो आला कुठून? "सगळेच वीस टक्के ठेवतात ना," असं त्याचं उत्तर होतं. शेजाऱ्याची जागा स्वतःची असेल, बायको-मुलगा दुकानात बसत असतील, तर त्याला बारा टक्केही पुरतील. आपला आकडा आपल्या खर्चावरून काढावा लागतो.

खर्च ४४,०००, विक्री २,४०,०००. भागलं तर १८.३३ टक्के. एवढ्या मार्जिनवर दुकान ना नफा ना तोटा. पण भाचा दिवसाचे तेरा तास उभा राहतो त्याचं काय? दुसऱ्याच्या दुकानात काम केलं असतं तर वीस हजार मिळाले असते असं तो स्वतःच म्हणाला. ते धरले की ६४,००० सुटायला हवेत, म्हणजे २६.६७ टक्के. स्वतःचा पगार खर्चात न धरणं हीच नव्या दुकानदाराची दुसरी मोठी चूक, पण ती बहुतेकांना मनातून माहीत असते, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

आता सगळ्या मालाला २६.६७ लावलं तर शेंगदाणा १५८ वर जातो. समोरच्या दुकानात तो १४५ ला असेल तर ग्राहक दोन दिवसांत तिकडे जाईल. शेंगदाणे, साखर, खोबरं यांचे भाव घरोघरी तोंडपाठ असतात. जायपत्री, दगडफूल किंवा तयार कांदा-लसूण मसाल्याचा भाव कोणी पाठ करत नाही, तिथे ग्राहक चव आणि वास पाहतो. म्हणून सरासरी २६.६७ हवी, पण ती वेगवेगळ्या मालातून यायला हवी.

आम्ही मालाचे तीन गट केले. पॅकबंद माल सरासरी १५ टक्के. भाव पाठ असलेला सुटा माल २० टक्के. मसाले ४० टक्के. कांदा-लसूण मसाला मिरची, कांदा, खोबरं, तेल, डंकाची कुटाई असं सगळं धरून ३३० रुपये किलो पडतो. त्याला ०.६० ने भागलं की ५५० रुपये किलो, शंभर ग्रॅमला ५५. याच चवीचा मसाला आसपास त्याच भावात मिळतो, म्हणून तो चालला.

पंधरा, वीस आणि चाळीसची सरासरी पंचवीस, असं मात्र कोणी करू नये. कुठला गट किती विकला जातो यावर सगळं ठरतं. पॅकबंद ४०,०००, सुटा माल १,००,००० आणि मसाले १,००,००० विकले, तर सुटतात ६,०००, २०,००० आणि ४०,०००, मिळून ६६,०००. मार्जिन साडेसत्तावीस. पण मसाले घटून ६०,००० वर आले आणि पॅकबंद ८०,००० वर गेलं, तर सुटतात १२,०००, २०,००० आणि २४,०००, मिळून ५६,०००. विक्री तीच दोन लाख चाळीस हजार, एकही चिठ्ठी बदललेली नाही, आणि दहा हजार कमी. गल्ला पाहून हे कधीच कळत नाही. म्हणून तिन्ही गटांची विक्री वहीत वेगवेगळी लिहावी, निदान आठवड्यातून एक दिवस तरी.

सूट देताना

वीस टक्के सुटतात, दहा सोडले तरी दहा राहतात, असा सरळ हिशेब माणूस करतो. शेंगदाण्यावर पाहा. १४५ वर दहा टक्के सूट म्हणजे भाव १३०.५०. पडता ११६. सुटले १४.५०, आधी २९ सुटायचे. नफा निम्मा झाला. तेवढेच रुपये मिळवायला दुप्पट वजन विकावं लागेल, आणि सणाला सूट देऊन विक्री दुप्पट झालेली मी तरी क्वचित पाहिली आहे.

जुन्या १३५ च्या चिठ्ठीवर हीच सूट दिली असती तर भाव १२१.५० आणि सुटले साडेपाच रुपये. भाच्याने गणपतीत नेमकं हेच केलं होतं. दुकानात गर्दी होती, गल्ला भरत होता, आणि तो खूश होता.

सूट विक्रीवर असते आणि चढ खरेदीवर, म्हणून दोन्ही टक्के एकमेकांतून वजा होत नाहीत. शंभरावर वीस टक्के चढवा, येणाऱ्या १२० वर वीस टक्के सूट द्या, आणि शंभराचा माल ९६ ला गेलेला असतो. सूट द्यायचीच असेल तर ती टक्क्यांत न बोलता किलोमागे रुपयांत ठरवावी. 'किलोमागे पाच रुपये कमी' म्हटलं की २९ तले पाच गेले हे आपल्यालाही दिसतं.

महिन्याअखेरचा पडताळा

चिठ्ठीवर वीस टक्के लिहिले तरी गल्ल्यात वीस आले का, हे माल मोजल्याशिवाय कळत नाही. महिन्यातून एका रात्री दुकान बंद झाल्यावर शिल्लक माल मोजायचा आणि पडत्या भावाने मांडायचा. विक्रीच्या भावाने मांडलात तर न झालेला नफा आताच वहीत येतो.

त्या महिन्यात भाच्याकडे सुरुवातीचा माल होता १,५०,००० चा. हमाली-टेम्पो धरून खरेदी झाली २,११,००० ची. अखेरीस शिल्लक भरली १,५५,००० ची. पहिल्या दोन्हींची बेरीज करून शिल्लक वजा केली की विकल्या गेलेल्या मालाची खरी किंमत निघते : २,०६,०००. त्याच्या बिलांच्या हिशेबात ती २,००,००० होती. फरकाचे सहा हजार म्हणजे हमाली, टेम्पो आणि तूट.

म्हणून खरे सुटले ३४,०००. मार्जिन १४.१७ टक्के, शेंगदाण्याच्या पोत्याने सांगितलं होतं जवळपास तेवढंच. खर्च ४४,०००. चार हजारांचा नफा आधी चार हजारांचा तोटा झाला होता, आता तो दहा हजारांचा तोटा निघाला. व्यापाऱ्याचं बिल का भागत नाही याचं उत्तर मिळालं : ते पैसे भाड्यात आणि पगारात गेले होते.

हा पडताळा घेताना दोन गोष्टी हिशेब बिघडवतात. एक, उधारी. माल गेला पण पैसे आले नाहीत, तरी ती विक्रीच आहे, आणि ती विक्रीत धरली नाही तर मार्जिन उगाच कमी दिसतं. दुसरी, घरी नेलेला माल. आई येऊन दोन किलो शेंगदाणे घेऊन जाते, त्याचा हिशेब कोण ठेवतो? नोंद ठेवावी, पडत्या भावाने, आणि तेवढी रक्कम मालाच्या किमतीतून वजा करावी.

या दोन्ही धरूनही चिठ्ठीवरचं मार्जिन आणि मोजून आलेलं मार्जिन यांत दोन टक्क्यांहून जास्त फरक राहिला, तर मी आधी काटा तपासतो, मग जुन्या चिठ्ठ्या. यार्डात भाव चढला आणि चिठ्ठी तीच राहिली, हे कारण चोरीपेक्षा कितीतरी जास्त वेळा निघतं. खोबरं पडत्या भावात दहा रुपयांनी चढलं तर भाव दहाने वाढवून भागत नाही. वीस टक्के मार्जिन टिकवायला साडेबारा वाढवावे लागतात, कारण १० भागिले ०.८० म्हणजे १२.५०.

भाच्याने त्या आठवड्यात सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. पहिल्यांदा फक्त सर्वांत जास्त विकल्या जाणाऱ्या पंधरा मालांचे भाव नव्याने काढले. शेंगदाणा १३५ वरून १४५ वर नेताना तो घाबरला होता. तीन-चार जणांनी विचारलं, एक बाई पिशवी ठेवून निघून गेल्या. चौथ्या दिवशी त्या परत आल्या, शेंगदाणे घेतले नाहीत, पण शंभर ग्रॅम मसाला घेतला. त्या पुड्यात बावीस रुपये सुटले.